साडेचारशेचा शिक्का

अंजली मखरेनं पावतीवर सही केली नाही, आणि भिगवण चौकातल्या त्या गाळ्यात पहिल्यांदा तिचा बाप तिच्यावर चिडला.

बापाचं नाव महिपती. गाव इंदापूर तालुक्यातलं शेळगाव. साखर कारखान्यात हंगामी मजूर म्हणून लागला, पुढं मिल हाऊसमध्ये फिटर झाला आणि एकतीस गाळप हंगाम करून निवृत्त झाला. हात एवढे राठ की दाढीवरून फिरवले तर आवाज यायचा. अंजली त्याची थोरली. नऊ वर्षांची असताना तिनं घरातला रेडिओ खोलला होता. महिपती मारायला धावला, तेव्हा त्याला जमिनीवर पसरलेलं वर्तमानपत्र दिसलं. एकेक स्क्रू ज्या जागेवरचा, त्या जागेचं नाव पेन्सिलीनं लिहून त्यावर ठेवलेला. उगारलेला हात त्यानं खाली घेतला. तिनं रेडिओ परत जोडला आणि तो वाजला. मग तिनं पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि बारामतीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये हार्डवेअर शिकवायला लागली.

साल एकोणीसशे नव्व्याण्णव, महिना मे. वडगाव निंबाळकरच्या आप्पासाहेबांनी ऊस आणि दूध सांभाळून बारामतीत गेम पार्लर काढायचं ठरवलं होतं. पुण्यात पोरं रांगा लावून कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुण्याच्या एका विक्रेत्याची जाहिरात त्यांनी पेपरातून कापून पाकिटात ठेवली होती: पेन्टियम टू, साडेचारशे मेगाहर्ट्झ, रॅम एकशे अठ्ठावीस एमबी, सोळा एमबीचं रिव्हा टीएनटी ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क सहा पूर्णांक चार जीबी. आधी एक मशिन मागवलं. ते पास झालं की तसलीच आणखी नऊ यायची होती. एक जूनला पार्लरचं उद्घाटन, पत्रिका छापून झालेल्या.

सोबत एक पावती होती. ‘माल जाहिरातीप्रमाणे मिळाला’ असं लिहून सात दिवसांत सही करून पाठवायची, नाहीतर तक्रार लेखी कळवायची. सात दिवस गेले की माल पसंत धरला जाईल.

आप्पासाहेब महिपतीला म्हणाले होते, “तुमची पोर बघंल का मशिन? आमाला त्यातलं काय कळतंय?” महिपती छाती पुढं काढून म्हणाला होता, “बघंल की.” क्लासबाहेरचं अंजलीचं हे पहिलं काम. हे नीट झालं तर तालुक्यात तिला बोलावणं येणार होतं. बिघडलं तर बारामतीत कुणी तिला दारात उभं करणार नव्हतं. हे महिपतीला ठाऊक होतं, म्हणून तो रोज गाळ्यात येऊन बसायचा.

सोमवारी मशिन आलं. आप्पासाहेबांच्या मालकीणबाई, बानूबाई, नारळ घेऊनच आल्या. कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. घरी शिवलेली, झालरीची निळी खोळही आणली होती. “धूळ लई हाय बाई हितं,” म्हणाल्या आणि स्वतःच्या हातानं चढवली.

अंजलीनं मशिन चालू केलं. खुर्ची ओढली, वही उघडली. सुरू होतानाच पडद्यावर मेमरी मोजली जाते. तो आकडा तिनं लिहून घेतला. ग्राफिक्स कार्डाचं नाव आणि त्याची सोळा एमबी लिहून घेतली. मग फ्लॉपीतून एक छोटा प्रोग्राम चालवला. तो प्रोसेसरलाच विचारतो, तू कोण, तुझा वेग किती. त्यानं सांगितलं: पेन्टियम टू, दुसऱ्या पातळीचा कॅशे पाचशे बारा केबी, बोर्डाच्या बसचा वेग शंभर, त्याला गुणक साडेचार, म्हणून प्रोसेसरचा वेग साडेचारशे.

शेवटी डिस्क पाहिली. आप्पासाहेब चष्मा कपाळावर ढकलून वाकले. “हे बघ, पाच पूर्णांक शहाण्णव! सहा पूर्णांक चार कुठं हाय? मारलं का न्हाय हितंच मापात?”

“न्हाय, आप्पा. कंपनी हजाराच्या पटीत मोजती, कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या. डिस्क तेवढीच हाय.”

“म्हणजे डेअरीच्या मापासारखंच की. घालताना एक, घेताना एक.”

“डेअरीत दूध जातं. हितं काय जात न्हाय.”

आप्पासाहेब खो खो हसले. “मग? सगळं जाहिरातीबरहुकूम हाय ना? कर सही.”

“अजून काम लावलं न्हाय त्याला,” अंजली म्हणाली.

तेव्हा महिपती चिडला. आप्पासाहेबांनी अर्धा तास गाडीची शर्यत खेळून पाहिली होती. गाडी पळत होती, डोंगर मागं जात होते. यंत्र स्वतःच्या तोंडानं नाव सांगत होतं. आणखी काय हवं? तो हळूच म्हणाला, “अंजे, मोठी माणसं हायत. पडद्यावर नाव दिसतंय ना?”

अंजली वळली. “आबा, तुमी हंगामाच्या आधी मिलची ट्रायल घ्यायचा. रिकामी मिल फिरली की सही करायचा का?”

एकतीस हंगामांत महिपतीनं एकदाही तशी सही केली नव्हती. रिकामी मिल कुणाचीही फिरते. ऊस पडला, भार आला, की बेअरिंग बोलू लागतं. तो तासतासभर बेअरिंगवर तळवा ठेवून बसायचा, आणि चीफ इंजिनिअर ओरडला तरी उठायचा नाही. ते या पोरीला त्यानं कधी सांगितलं होतं, ते त्याला आठवेना. त्यानं खुर्ची ओढली आणि तिच्या मागं बसला.

तिनं दुसरा प्रोग्राम लावला. परदेशातली गणिताची माणसं त्यावर मूळसंख्या शोधतात, असं ती म्हणाली. “ह्यात एक जाच करायची सोय हाय, आबा. यंत्राला लाखो अंकांचे गुणाकार घालायचे. प्रोसेसरला क्षणभर बी बसू द्यायचं न्हाय. त्याची उत्तरं आधीच ठाऊक असत्यात. एक अंक चुकला, की तितंच थांबतं आणि सांगतं.”

“एक अंक चुकला तर काय होतंय?”

“शर्यतीत काय कळणार न्हाय. एकदा गाडी अडकंल, एकदा मशिन गोठंल. माणूस म्हणतो, गेमच खराब. पण चूक ती चूकच.”

चाळिसाव्या मिनिटाला प्रोग्राम थांबला. उत्तर एक यायला हवं होतं, आलं दुसरं. लाल अक्षरं नव्हती, घंटा नव्हती. दोन ओळी. महिपती त्या ओळींकडं बघत राहिला. लाखो अंकांच्या ढिगात एक चुकलेला अंक यंत्रानं आपणहून शोधून दाखवला होता. मोठ्या मिलमधल्या एका दात तुटलेल्या चाकाचा आवाज शोधायला त्याला कधी कधी दोन दिवस लागायचे.

“सापडलं की!” तो म्हणाला. “लिही.”

अंजली उठली आणि मशिनच्या मागं गेली. झेंडूचा हार मागच्या पंख्याच्या जाळीवर आला होता. वरून बानूबाईंची खोळ. तिनं दोन्ही काढलं आणि वहीत लिहिलेली ओळ खोडली.

“खोडलीस का?”

“हवा कोंडली होती. ही चाचणी धरायची न्हाय.”

पुरावा हातात आला होता, आणि तिनं तो स्वतःच्या हातानं टाकून दिला. महिपतीनं खोळ घडी घालून मांडीवर ठेवली.

मंगळवारी तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, सलग दहा तासांची. प्रयोगशाळेत वापरतात तसलं पाऱ्याचं थर्मामीटर कॅबिनेटपासून हातभर लांब खिळ्याला टांगलं. दर अर्ध्या तासाला आकडा, वेळ, निकाल. पाच तास गेले, चूक नाही. साडेतीनला वीज गेली.

आप्पासाहेब दारातून म्हणाले, “पाच तास चाललं की! तेवढं धर.”

“न्हाय धरता येत. ऊन उतरायच्या आत तुटलं.”

“आता काय?”

“उद्या. परत एकपासून.”

“अगं, मोटार चालवायला शिकवत न्हायस तू त्याला!” आप्पासाहेब करवादले. “आमच्या गड्याला एवढा वेळ उभा केला असता तर तो बी चुकला असता.”

“गडी चुकला तर चालतंय, आप्पा. त्याच्यावर साडेचारशेचा शिक्का मारलेला न्हाय.”

बुधवारी ती सकाळी सहाला आली. गाळ्यात एकोणतीस अंश. चार तास चाचणी चालली, निर्मळ. महिपतीनं डबा आणला होता. तिनं डाव्या हातानं भाकरी खाल्ली, उजव्या हातानं आकडे लिहिले. अकराला छत्तीस. एकला एकोणचाळीस. दोन वाजून पन्नास मिनिटांनी प्रोग्राम थांबला. ह्या वेळी हार नव्हता, खोळ नव्हती, वीज होती.

तिनं अंधार पडायची वाट पाहिली नाही. तसाच कॅबिनेट तासभर गार होऊ दिला, पुन्हा चालवला. एक तास दहा मिनिटांनी पुन्हा चूक.

मग तिनं रॅम तपासायचा प्रोग्राम फ्लॉपीवरून लावला. तो विंडोजच्या आधीच सुरू होतो आणि मेमरीच्या घराघरात आकडा ठेवून परत वाचतो. मेमरी शुद्ध निघाली. ग्राफिक्स कार्डाला चित्रांच्या चाचणीत दीड तास फिरवलं. तेही शुद्ध. वहीत तिनं लिहिलं: ‘संशय प्रोसेसरवर. सिद्ध नाही.’

महिपतीनं ते वाचलं. “सिद्ध न्हाय का? सगळं तर तपासलंस.”

“बोर्ड राहिला, आबा. वीजपुरवठ्याचा डबा राहिला. सीलबंद हाय, मला उघडता येत न्हाय.” कॅबिनेटच्या मागं विक्रेत्याचा कागदी शिक्का होता. फाडला की हमी गेली.

“पण त्यानं खरं नाव सांगितलं होतं ना? साडेचारशे?”

अंजलीनं कागदावर दोन गुणाकार मांडले. शंभर गुणिले साडेचार. सहासष्ट पूर्णांक दोन तृतीयांश गुणिले साडेचार. “ह्याच घराण्यात एक तीनशेचा प्रोसेसर हाय. त्याचा गुणक बी साडेचारच. त्याला शंभरच्या बसवर बसवला की साडेचारशे दिसतो, आणि खोटं बोलत न्हाय, खरंच तेवढा पळतो. आपला प्रोग्राम वेग मोजतो. कंपनीनं त्याला कोणत्या वेगाला पास केला, ते त्याला ठाऊक नसतं.”

महिपतीनं तो कागद जवळ ओढला. मिलचा रोलर जास्त फेऱ्यांवर फिरवता येतो. काही दिवस फिरतोही. किती फेऱ्यांसाठी तो ओतला, हे बाहेरून फिरण्यात दिसत नाही. ते फक्त भारात दिसतं. त्याला हे एकतीस हंगाम ठाऊक होतं आणि आज पहिल्यांदा कुणीतरी त्याला ते दोन गुणाकारांत मांडून दाखवलं होतं.

गुरुवारी अंजलीनं पुण्याला फोन लावला. विक्रेता म्हणाला, उन्हाळा आहे, एसी लावा. ती म्हणाली, “जाहिरातीत एसी लिहिलेला नाही. तुमचा माणूस पाठवा. आणि कंपनीच्या मूळ खोक्यातला, सील न फोडलेला एक साडेचारशे सोबत द्या.”

शनिवारी विक्रेत्याचा माणूस, सोमनाथ, आला. पंचविशीचा, घामाघूम, टाय खिशात घातलेला. आप्पासाहेबांनी त्याला रसाचा ग्लास दिला आणि शेजारी बसवून घेतला. “हे बघा साहेब, आमची मॅडम यंत्राला फाशी देईपर्यंत सोडत न्हाय.”

सोमनाथनं वही चाळली. पहिल्या पानावरची खोडलेली ओळ पाहून तो थांबला. “हे काय?”

“हार होता पंख्यावर. धरलं नाही.”

त्यानं पुढची पानं जरा सावकाश वाचली. मग म्हणाला, “मॅडम, व्होल्टेज असेल. बोर्डही असू शकतो.”

“म्हणूनच तुम्हाला बोलावलं. सील तुम्ही फोडा.”

त्यानं फोडलं. मशिन बंद करून, वायर काढून, अंजलीनं आधी अंगातली स्थिर वीज उतरवायला कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, मग आतल्या पुस्तकासारख्या उभ्या काळ्या कार्ट्रिजला. ते काढून टेबलावर ठेवलं. सोमनाथच्या खोक्याचं सील तिनं सगळ्यांना दाखवलं, त्याच्याच हातानं फोडवलं, आणि तो नवा प्रोसेसर त्याच बोर्डावर, त्याच रॅमसोबत, त्याच डब्याच्या विजेवर बसवला. बाकी एक स्क्रूही हलवला नाही. पत्रा परत लावला.

“का लावला?” महिपतीनं विचारलं.

“उघडं ठेवलं तर हवा जास्त मिळंल. ती सवलत पहिल्याला न्हवती.”

अकराला सुरू केलं. एक वाजता थर्मामीटरवर चाळीस, तीनला एक्केचाळीस. सोमनाथ सदऱ्याची बटणं सोडून बसला होता. आप्पासाहेब दोनदा डुलकी काढून उठले. बानूबाईंनी ताक पाठवलं. अंजली जागची हलली नाही. महिपतीनं कारखान्यात खूप माणसं कष्ट करताना पाहिली होती. पोती उचलणारी, भट्टीसमोर उभी राहणारी. नुसतं बसून, काहीही न करता, पण काहीही न सोडता कष्ट करणारं माणूस त्यानं आज पाहिलं. ते पोतं उचलण्याहून सोपं नव्हतं.

चार वाजता पाच तास पूर्ण झाले. एकही चूक नाही. तिनं नवा काढला, थोडं थांबून जुना बसवला. त्याच उन्हात जुना पस्तिसाव्या मिनिटाला चुकला.

अंजलीनं वेळ वहीत लिहिली.

महिपती उठला. “हात लावू का?” त्यानं विचारलं. अंजलीनं जुना प्रोसेसर परत काढून नव्याच्या शेजारी ठेवला. महिपतीनं अंगठा नव्याच्या कडेवरून, जिथं आकडे होते तिथून फिरवला. मग जुन्याच्या. परत नव्याच्या. डोळे मिटून.

“ह्याला पॉलिश पेपर मारलाय,” तो म्हणाला. “बारीक. पाण्यात भिजवून. हितं कड जराशी बसलीया. नव्याला साच्यातला दाणा हाय, ह्याला न्हाय.”

सोमनाथनं दोन्ही दाराशी नेले, उन्हात तिरपे धरले. जुन्यावर, नव्या आकड्यांच्या खाली, पुसट काहीतरी होतं. वाचता येईना, पण होतं. तो मटकन स्टुलावर बसला. “हे आम्हाला सुट्टे येतात, काका. खोक्याशिवाय. स्वस्त पडतात. ह्याच ट्रेमधले तीस आम्ही विकलेत.”

“मग तीस घरी जावं लागंल तुमाला,” आप्पासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात आता थट्टा नव्हती. ते महिपतीकडं वळले. “मी नऊ मशिनांची सही करायला निघालो होतो.”

सोमनाथ म्हणाला, “मॅडम, नवा प्रोसेसर ठेवतो. तुम्ही कागदावर ‘बनावट’ लिहू नका, एवढंच.”

“मी लिहिणारच न्हवते,” अंजली म्हणाली. “ते मी सिद्ध केलं न्हाय. तीनशेचा असंल, साडेतीनशेचा असंल. मला ठाऊक न्हाय. मी लिहीन ते एवढंच: जाहिरातीतल्या वेगाला भार पेलत न्हाय. त्याच जागी सीलबंद प्रोसेसर पेलतो. कडेला घासल्याची खूण.” तिनं तेवढंच लिहिलं. एक शब्द जास्त नाही.

“आता तरी पावतीवर सही करा. सहाची बस आहे,” सोमनाथ म्हणाला.

“नवा पाच तास चाललाय. जुना पास करायला मी दहा तास मागत होते. ह्याला बी दहाच.”

सोमनाथनं आप्पासाहेबांकडं पाहिलं. आप्पासाहेबांनी हात वर केले. “माझ्याकडं बघू नका साहेब. हितं मी फक्त गाळ्याचा मालक हाय.”

सोमनाथ पावती न घेताच गेला.

रविवार सातवा दिवस. सकाळी सातला चाचणी लागली, संध्याकाळी पाचला संपली. दहा तास. दुपारी बेचाळीस अंश. वहीचं पान आकड्यांनी भरलं आणि निकालाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: ठीक. अंजलीनं पेन उघडलं, पावतीवर प्रोसेसर बदलल्याची नोंद केली आणि सही केली. मग कागद महिपतीपुढं सरकवला.

“साक्षीदार म्हणून तुमी करा, आबा. कड तुमी तपासलीया.”

महिपतीनं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. पावती पहिल्या ओळीपासून वाचली. मग पाकिटातली जाहिरात मागितली आणि शेजारी ठेवून एकेक भाग बोटानं ताडून पाहिला. रॅमपाशी अडला, वही मागितली, तिच्यातला आकडा पाहिला, पुढं गेला.

आप्पासाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, “अरे, ही पोर एवढी कुणावर गेली म्हणून मी आठ दिवस विचारात होतो!”

महिपतीनं वर बघितलं नाही. त्याचं बोट अजून हार्ड डिस्कवर होतं.